मामांच्या वहीत नसलेला पगार

टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना सोलापूरकडची टेंभुर्णी आठवते. आमची टेंभुर्णी ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. कापूस, सोयाबीन, मका पिकवणारं गाव आणि माझं आजोळ. तिथं मामांचं किराणा दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि गल्ल्यात हाली सिक्का पडायचा. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशोब आजोबा झोपेतही करायचे म्हणे. पुढे संस्थान गेलं, हाली सिक्का गेला, जालना औरंगाबाद जिल्ह्यातून निघून १९८१ साली स्वतःचा जिल्हा झाला. दुकान मात्र आहे तिथंच आहे, घराच्या पुढच्या खोलीत.

मामांच्या वहीत सगळ्यांची नावं सापडतात. उधारीवर तेलाचा डबा नेलेला शेतकरी सापडतो, जालन्याहून माल आणणारा टेम्पोवाला सापडतो, पोती उतरवणारा हमाल सापडतो, विजेचं बिल सापडतं. फक्त एक माणूस सापडत नाही. सकाळी साडेसहाला शटर वर करणारा आणि रात्री नऊला खाली ओढणारा. त्याच्या नावावर पगाराची एकही ओळ नाही.

मी एकदा मामांना विचारलं, तुमचा पगार कुठं लिहिता? ते म्हणाले, "आरे, गल्ला बी माझा अन् खिसा बी माझा. या हाताचं त्या हातात दिलं त्याला काय पगार म्हणावं?"

उत्तर बिनतोड आहे. आणि तरीही या प्रश्नावर अर्थशास्त्रात अडीचशे वर्षं चर्चा चालू आहे. त्या चर्चेचा एक धागा पकडून मामांच्या दुकानापर्यंत यावं, एवढाच या लेखाचा हेतू. सध्या आमच्या घरात "दुकान पुढे चालवायचं का बंद करायचं" हा विषय निघतोच निघतो, आणि प्रत्येक जण "नफा" हा शब्द आपापल्या अर्थानं वापरतो. तेव्हा आधी हा शब्दच नीट उलगडून पाहू.

सुरुवात मामांच्याच आकड्यांनी करतो. त्यांच्या परवानगीनं, आणि मोजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून. दिवसाला सरासरी सहा हजारांची विक्री. लग्न, मयत, पोळा वगैरे सोडून वर्षात ३५० दिवस दुकान उघडं. म्हणजे वर्षाची विक्री २१,००,००० रुपये. ऐकायला केवढी वाटते! पण किराण्यात साखर-तेलावर सुटतं थोडं, बिस्किटं-साबणावर जरा बरं, सगळं मिळून शंभराला चौदा. म्हणजे माल विकून हातात राहिले २,९४,०००. त्यातून वीज आणि फ्रीज, जालन्याहून मालाचं भाडं आणि हमाली, उंदीर-घुशींनी खाल्लेलं, तोलात गेलेलं, आणि बुडालेली उधारी, असे सगळे मिळून ६६,००० गेले. उरले २,२८,०००.

हा झाला वहीतला नफा, म्हणजे हिशोबी नफा. महिन्याला १९,०००. वहीनं आपलं काम चोख केलं आहे. बाहेरून काय आलं, बाहेर काय गेलं, कोण कोणाचं देणं लागतो, हे सांगणं हेच वहीचं काम. कर्ज देणाऱ्या बँकेला आणि आयकरवाल्यांनाही तेवढंच हवं असतं. आयकराच्या हिशोबात एकट्या मालकाला स्वतःचा पगार खर्चात धरता येत नाही. तेच दुकान दोघा भावांनी भागीदारीत काढलं, तर राबणाऱ्या भागीदाराचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चात धरता येतो. ही सोय १९९२ च्या वित्त कायद्यानं आली. काम तेच, माणूसही तोच, पण कागद बदलला की पगार दिसू लागतो. गंमत आहे की नाही?

इथं एक सूचना, कारण घरगुती दुकानात हमखास गडबड होते ती याच जागी. स्वयंपाकघरात जाणारं तेल, साखर, चहा वहीत मांडायलाच हवं. मामा ते "घरखर्च" खात्यात खरेदीच्या भावानं लिहितात, ही आजोबांची शिस्त. ज्यांच्याकडे लिहीत नाहीत तिथं वर्षाअखेर माल मोजला की तूट येते. महिन्याला तीन हजारांचा माल घरात गेला, तर वर्षाला ३६,०००. मग शंभराला चौदाच्या जागी बारा-साडेबाराच सुटल्यासारखे दिसतात, आणि मालक उगाच टेम्पोवाल्यावर संशय घेत बसतो. नफा कुठंही गेलेला नसतो, तो घरच्यांच्या पोटात गेलेला असतो. ही दुरुस्ती झाल्याशिवाय पुढच्या हिशोबाला अर्थ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुकानात मामांचे साधारण तीन लाख अडकलेले आहेत. अडीच लाखांचा माल आणि पन्नास हजारांची उधारी. तीन लाखांवर वर्षाला २,२८,००० म्हणजे शेकडा ७६! जालन्यातला मोठा घाऊक व्यापारी आपल्या भांडवलावर एवढा टक्का मिळवायचं स्वप्नसुद्धा पाहत नाही. मग टेंभुर्णीचा छोटा दुकानदार श्रीमंत आणि घाऊक व्यापारी गरीब, असं का दिसत नाही?

हाच प्रश्न ॲडम स्मिथला पडला होता. स्कॉटलंडमधल्या कर्काल्डी नावाच्या छोट्या बंदरगावात जन्मलेला हा माणूस. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७७६ साली आला, आणि त्याचा बराच भाग त्यानं त्याच गावात बसून लिहिला. मजुरी आणि नफा वेगवेगळ्या धंद्यांत वेगवेगळे का असतात याची चर्चा करताना तो एका छोट्या बंदरगावातल्या किराणा दुकानदाराचं उदाहरण देतो. शंभर पौंडांच्या मालावर हा दुकानदार शेकडा चाळीस-पन्नास मिळवतो. त्याच गावातला घाऊक व्यापारी दहा हजार पौंड गुंतवून जेमतेम शेकडा आठ-दहा मिळवतो. मग सगळे व्यापारी छोटी दुकानं का काढत नाहीत?

स्मिथचं उत्तर असं. गावच लहान, तेव्हा तिथल्या दुकानात जास्त भांडवल मावणार नाही. पण दुकानदाराला जगायचं तर आहेच, आणि त्याच्या अंगच्या गुणांना शोभेल असं जगायचं आहे. त्याला लिहिता-वाचता आलं पाहिजे, हिशोब आला पाहिजे, पन्नास-साठ प्रकारच्या मालाची पारख पाहिजे, कुठला माल कुठं स्वस्त मिळतो ते माहीत पाहिजे. अशा माणसाच्या मेहनतीला वर्षाला तीस-चाळीस पौंड म्हणजे काही जास्त नाहीत. त्याच्या नफ्यातून ही रक्कम वजा करा. मग उरतो तो भांडवलावरचा नेहमीचाच टक्का. नफा म्हणून जो दिसतो त्यातला बराचसा भाग मजुरीच असते, फक्त तिनं नफ्याचे कपडे घातलेले असतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

स्मिथची पद्धत मामांना लावून बघू. मामांनी स्वतःचं दुकान न चालवता दुसऱ्याच्या दुकानात काम केलं असतं तर? काही वर्षांपूर्वी एका घाऊक दुकानदारानं त्यांना मुनीम म्हणून बोलावलं होतं. तेच काम आजच्या भावात महिना १२,००० चं धरू, म्हणजे वर्षाला १,४४,०००. दुपारी मामा जेवून पडतात तेव्हा मामी तीन तास गल्ल्यावर बसतात. तेवढ्या वेळात त्यांनी शेतात किंवा शिवणकामावर मिळवले असते ते महिना ३,०००, वर्षाला ३६,०००. पुढची खोली भाड्यानं दिली असती तर महिना दोन हजार, म्हणजे वर्षाला २४,०००. आणि तीन लाख बँकेत मुदत ठेवीत टाकले असते तर शेकडा सातनं २१,०००. या चौघांची बेरीज होते २,२५,०००.

वहीतला नफा २,२८,०००. त्यातून २,२५,००० वजा जाता उरले तीन हजार. महिन्याला अडीचशे रुपये. हा मामांचा आर्थिक नफा. शून्यच म्हणा ना!

आणि स्मिथची दुसरी बाजूही जुळते. मेहनतीचा आणि खोलीचा मोबदला काढून घेतला की तीन लाखांवर राहतात २४,०००, म्हणजे बरोबर शेकडा आठ. जवळजवळ घाऊक व्यापाऱ्याचाच टक्का. मघाचा तो ७६ टक्क्यांचा डोंगर कुठं गेला? तो मामांच्या आणि मामींच्या पायदुखीत होता.

हे आकडे मी मामेभावाला दाखवले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं फुकटच राबले ते!" बहुतेक जणांना असंच वाटतं. "शून्य नफा" हा शब्दच तसा वाईट. पण शून्याचा अर्थ इथं उपाशी असा नाही.

हा शून्य नीट समजावला तो लिऑन वालरस या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं. तो स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं शिकवत असे. १८७४ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या ग्रंथात त्यानं मांडलं की बाजार समतोलावर आला की उद्योजकाला नफाही होत नाही आणि तोटाही होत नाही. मग तो बिचारा खातो काय? वालरस म्हणतो, तो उद्योजक म्हणून जगतच नाही. तो जगतो मजूर म्हणून, जागेचा मालक म्हणून आणि पैशाचा मालक म्हणून, मग ते स्वतःच्या धंद्यात असो की दुसऱ्याच्या.

मामांच्या दुकानात एकाच अंगरख्यात तीन माणसं बसलेली आहेत. एक मुनीम, एक घरमालक आणि एक ठेवीदार. मामी धरल्या तर चार. शून्य नफा म्हणजे या चौघांनाही बाहेर जेवढं मिळालं असतं तेवढं इथं पुरेपूर मिळालं. कोणाचं काही बुडालं नाही. चौथ्याच्या पुढे एक पाचवा बसलेला असतो, धंद्याचा मालक. सगळ्यांची देणी भागवून उरेल तेवढंच त्याचं. त्याला तीन हजार मिळाले, आणि तेही टिकतील असं नाही. कॉलेजच्या पुस्तकात यालाच "सामान्य नफा" म्हणतात. तेवढा मिळत असला की दुकान चालू राहतं आणि शेजारी दुसरं दुकान काढायचा मोह मात्र कोणाला होत नाही.

टेंभुर्णीसारख्या गावात शून्याच्या आसपासच मुक्काम का असतो, तेही यावरून कळतं. समजा मामांच्या पाचव्या माणसाला वर्षाला साठ हजार सुटू लागले. पुढची खोली रिकामी असलेला कोणीही दोन महिन्यांत दुकान टाकेल. त्याला ना परवान्याची मोठी अडचण, ना भांडवलाची. मग गिऱ्हाईक वाटलं जाईल आणि साठ हजार विरघळून जातील.

याच्या उलट झालं तर? समजा फाट्यावर नवं दुकान आलं आणि मामांची विक्री दिवसाला पाच हजारांवर उतरली. वर्षाची विक्री साडेसतरा लाख, त्यावर सुटले २,४५,०००. खर्च मात्र फारसा उतरत नाही, कारण फ्रीज तेवढीच वीज खातो. ६२,००० धरू. वहीत अजूनही १,८३,००० चा नफा दिसेल. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होईल, पेढे वाटले जातील. पण चौघांची देणी २,२५,००० च आहेत. म्हणजे ४२,००० कमी पडले. ते कोणी सोसले? बँकेचं व्याज बदलत नाही, खोलीचं भाडं बदलत नाही. मुकाट्यानं कमी झाला तो मुनिमाचा पगार. बारा हजारांचा साडेआठ हजार झाला, आणि ही पगारकपात कुठल्याच वहीत लिहिलेली नाही. दुकानाला "नफा" आहे, पण घरात मात्र यंदा जावयाला अंगठीऐवजी टोपी-उपरणं. छोट्या दुकानाचा तोटा असा वहीत न दिसता घरात दिसतो. म्हणूनच मोठी कंपनी जिथं शटर ओढते तिथं छोटा दुकानदार वर्षानुवर्षं तग धरतो. पगार कापला तरी सोडून न जाणारा नोकर त्याच्याकडे असतो, तो स्वतः.

इथपर्यंतचा हिशोब सरळ आहे. आता खरी अडचण. मामांच्या मेहनतीची किंमत मी १२,००० धरली, ती कोणाला विचारून?

हा वाद आपल्याकडे दुकानावरून नाही, शेतीवरून झाला, आणि तो महाराष्ट्राच्या अगदी जवळून गेला. १९५४-५५ पासून केंद्र सरकारच्या कृषी खात्यानं देशातल्या निवडक भागांत शेतीचा जमाखर्च तपासायला सुरुवात केली. तेव्हाच्या मुंबई राज्यातून नाशिक आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हे जिल्हे निवडले होते. शेतकऱ्याच्या घरी जाऊन बी किती, खत किती, बैल किती दिवस, मजूर किती आणि घरचे लोक किती दिवस राबले, सगळं टिपलं जायचं. मग घरच्या माणसांच्या दिवसांना गावात चालू असलेल्या मजुरीचा दर लावून खर्च काढायचा. असा हिशोब केल्यावर देशभरातल्या या अहवालांतून चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. शेतीचा बराच मोठा भाग तोट्यात! आणि तरी शेतकरी नांगर टाकत नव्हता, वर्षानुवर्षं पेरतच होता.

१९६२ साली मुंबईहून निघणाऱ्या "इकॉनॉमिक वीकली" या साप्ताहिकात अमर्त्य सेन यांचा एक छोटा लेख आला. तेव्हा ते तिशीच्याही आतले होते. त्यांनी बोट ठेवलं ते याच जागेवर. घरच्या माणसाला गावचा मजुरीचा दर लावणं तेव्हाच बरोबर, जेव्हा त्याला त्या दरानं खरोखर बाहेर काम मिळू शकतं. काम मिळतच नसेल, तर घरी बसण्यापेक्षा शेतात राबून जे काही वाढीव पिकेल ते त्याच्या दृष्टीनं फायद्याचंच. मजूर लावणारा मोठा शेतकरी मजुरी भरून निघेल तेवढंच काम करून घेतो. घरच्या माणसांवर चालणारी छोटी शेती त्याच्या पुढे जाऊनही राबते. कागदावरचा तोटा हा शेतीचा नव्हताच, लावलेल्या दराचा होता.

आता मामांकडे परत. मामा आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. मुनीम म्हणून बोलावणं आलं तेव्हा पंचेचाळीसचे होते. आज दुकान बंद केलं तर बारा हजारांवर त्यांना कोण ठेवणार? खरं सांगायचं तर कोणी नाही. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये होता. शंभर दिवस काम मिळालं असं धरलं तरी वर्षाला २९,७००, आणि अठ्ठावन्नव्या वर्षी उन्हात माती उचलायची. हा दर धरला तर चौघांची देणी २,२५,००० वरून १,१०,७०० वर येतात. मामांचा आर्थिक नफा तीन हजार नाही, १,१७,३०० होतो!

आणि मामेभाऊ? तो संभाजीनगरला एका कारखान्यात १८,००० वर आहे. तो दुकानात बसला तर मुनिमाचा पगार १८,००० धरावा लागेल, मग दुकान ६९,००० नं तोट्यात जातं. तो हेच तोंडपाठ सांगतो. पण त्यातही एक पाय लंगडा आहे. शहरात खोली आणि मेस मिळून त्याचे पाच हजार जातात, जे गावात घरी राहून जाणार नाहीत. म्हणजे त्याचा खरा पर्याय १३,००० चा. तसं धरलं की दुकानाचा तोटा फक्त नऊ हजार. पुन्हा शून्याच्या आसपासच.

म्हणजे तेच दुकान, तीच वही, तोच २,२८,००० चा आकडा. मामांसाठी तो सव्वा लाखाच्या घरातला नफा आहे आणि मामेभावासाठी थोडासा तोटा. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही भांडतात, कारण दोघांनाही वाटतं की नफा ही दुकानाच्या अंगची गोष्ट आहे. तशी ती नाही. गल्ल्यामागं कोण बसलंय आणि तो उठला तर कुठं जाऊ शकतो, यावर ती ठरते.

शेतकऱ्यांना हा हिशोब आता चांगलाच कळतो. कापूस-सोयाबीनच्या हमीभावाची चर्चा निघाली की टेंभुर्णीच्या पारावरचा माणूससुद्धा "सी-टू धरा" म्हणतो. पदरचा खर्च अधिक घरच्यांची मेहनत, हा झाला ए-टू अधिक एफएल. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज मिळवलं की सी-टू. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारनं उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर केला तो पहिल्या खर्चावर, आणि शेतकरी संघटना मागत होत्या तो दुसऱ्यावर. मामांची ती चौघांची यादी म्हणजे दुकानाचा सी-टूच आहे. फरक इतकाच की दुकानदाराच्या मेहनतीचा दर कोणी आयोग ठरवत नाही. तो त्याचा त्यालाच ठरवावा लागतो, आणि बहुतेक जण ठरवत नाहीत.

या हिशोबाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दुकान बंद केलं तर तीन लाख हातात येणार नाहीत. माल पडत्या भावानं जाईल आणि उधारीतली निम्मी तरी बुडेल, कारण दुकान चालू आहे म्हणून लोक उधारी फेडतात. तेव्हा बंद करायचा निर्णय घेताना व्याज तीन लाखांवर धरायचं नाही, हातात येतील त्या दोन-सव्वादोन लाखांवर धरायचं. दुसरं म्हणजे कोणाची हाजी हाजी न करता स्वतःच्या गल्ल्यावर बसण्याचं जे मोल मामांना वाटतं, ते मला मांडता येत नाही. मात्र ते किती असेल याचा अंदाज बांधता येतो. पंचेचाळिसाव्या वर्षी मुनिमाची नोकरी समोर असताना त्यांनी ती नाकारली. दुकानातून त्याहून जितकं कमी सुटत होतं, निदान तेवढं तरी मोल त्यांनी त्या मोकळेपणाला दिलं होतं.

तर आमच्या घरापुरता मला समजलेला अर्थ असा. मामा आहेत तोवर दुकान बंद करायचं काही कारण नाही, कारण त्यांच्यासाठी ते खरोखर नफ्यात आहे. पण "एवढं चालतं दुकान आहे, पोरगा मूर्ख आहे म्हणून सोडतो" असं म्हणणंही बरोबर नाही. वहीतले १९,००० बघून त्याला बोलावणं म्हणजे त्याचाच पगार त्याला नफा म्हणून दाखवणं आहे. त्यानं यावं की न यावं हे त्या नऊ हजारांवरून ठरणार नाही. गाव हवं की शहर यावरून ठरेल, आणि ते त्याचं त्यानं ठरवावं.

यंदाच्या पाडव्याला मामांना मी एक सुचवलं आहे. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहा. मी, ती, खोली, पैसे. प्रत्येकापुढे बाहेर आज खरोखर मिळेल तो आकडा लिहा, मनातला नको. वर्षाअखेर वहीतल्या नफ्यातून ही बेरीज वजा करून बघा. मामा हसले. म्हणाले, "लिहितो. पण मामीच्या पुढं तीन हजारच लिहिले हे तिला दाखवू नको."